करानंतर ८ लाख हातात हवेत, तर मसाल्याची किती पाकिटं विकायची?

प्रश्न: मी आणि माझी वहिनी भांडुपला मालवणी मसाल्याची भागीदारी फर्म चालवतो. अर्धा किलोचं पाकीट जीएसटी सोडून ३८० रुपयांना जातं, त्यावर २६० रुपये खर्च होतात. भाडं, पगार वगैरे वर्षाचा ठरलेला खर्च १४ लाख ४० हजार. गेल्या वर्षी १९,००० पाकिटं गेली, या गाळ्यात ओढूनताणून २३,००० होतील. कर भरून दोघींना मिळून वर्षाला ८ लाख सुटावेत असं वाटतं. ८ लाखांवर ३१.२ टक्के चढवून मी २०,७४७ पाकिटं काढली. बरोबर आहे का? शेजारचा मोठा गाळा मिळतोय, भाडं महिन्याला ४० हजारांनी वाढेल. घ्यावा का?

उत्तर: ताई, कराचा दर तुम्ही बरोबर धरलात. भागीदारी फर्मला नफ्याच्या पहिल्या रुपयापासून सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के लागतात. वर १ कोटीच्या पुढे अधिभार आहे, तो तूर्तास तुमच्यापासून लांब आहे. चूक झाली ती टक्के कशावर घ्यायचे यात. कर तुम्हाला हव्या असलेल्या ८ लाखांवर नसतो, करापूर्वीच्या पूर्ण नफ्यावर असतो. त्या नफ्यातल्या दर १०० रुपयांतले ६८.८० तुमच्याकडे राहतात. म्हणून ८ लाखांना ०.६८८ ने भागायचं. करापूर्वीचा नफा येतो ११ लाख ६२ हजार ७९१.

पडताळा सोपा आहे. तुमच्या पद्धतीने करापूर्वीचा नफा १० लाख ४९ हजार ६०० निघतो. त्यावर ३१.२ टक्के कर भरला की उरतात ७ लाख २२ हजार. जवळपास ७८ हजार कमी पडले. उत्तर काढल्यावर उलट बाजूने कर वजा करून पाहायचं, आकडा जुळला नाही तर गुणाकार-भागाकारात अदलाबदल झाली असं समजायचं.

आता पाकिटं. एका पाकिटामागे १२० रुपये सुटतात. त्यातून आधी ठरलेला खर्च भागायला हवा, मग नफा. १४ लाख ४० हजारांसाठी १२,००० पाकिटं लागतात. हा झाला ना नफा ना तोटा बिंदू आणि कराचा दर कितीही असला तरी तो हलत नाही, कारण तिथे नफाच नसतो. पुढे ११ लाख ६२ हजार ७९१ साठी आणखी ९,६९० पाकिटं. एकूण २१,६९०.

इथे थांबलो तर हिशेब बरोबर, पण सल्ला अपुरा. हे २१,६९० तेव्हाच खरे, जेव्हा सगळा नफा फर्मकडेच राहून तिथेच करपात्र होतो. तुम्ही दोघी रोज गाळ्यावर उभ्या असता. कामात सक्रिय असलेल्या भागीदाराला फर्म मेहनताना देऊ शकते आणि तो ठरावीक मर्यादेपर्यंत फर्मच्या नफ्यातून वजा होतो. तुमच्या ठरलेल्या खर्चात स्वतःचा पगार नसावा, असं मी धरते. बऱ्याच घरगुती फर्ममध्ये मालकीणबाई स्वतःला शेवटीच मोजतात.

सध्याच्या नियमांनुसार मेहनताना धरण्यापूर्वीच्या नफ्यातल्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख, यांतली मोठी रक्कम चालते. त्यापुढच्या नफ्यावर ६० टक्के. गेल्या वर्षीचाच माल घ्या: १९,००० पाकिटांचे २२ लाख ८० हजार सुटले, ठरलेला खर्च वजा जाता ८ लाख ४० हजार नफा. त्यातून मेहनताना निघतो ५ लाख ४० हजार अधिक १ लाख ४४ हजार, म्हणजे ६ लाख ८४ हजार. फर्मकडे करपात्र उरतात फक्त १ लाख ५६ हजार, त्यावर कर ४८,६७२. उरलेला नफा तुम्हा दोघींच्या हिश्शाने येतो आणि तुमच्या हातात त्यावर पुन्हा कर नाही. बेरीज करा: ७ लाख ९१ हजार.

म्हणजे एकही पाकीट जास्त न विकता तुम्ही ८ लाखांच्या उंबरठ्यावर आहात. नेमका आकडा काढला तर ८ लाखांसाठी करापूर्वीचा, मेहनतान्यापूर्वीचा नफा साधारण ८ लाख ५० हजार लागतो आणि पाकिटं १९,०८३. मघाच्या २१,६९० शी तुलना करून बघा.

अटी मात्र आहेत. मेहनतान्याची तरतूद आणि रक्कम किंवा ती काढायची रीत भागीदारी पत्रात लिहिलेली हवी आणि पत्राच्या तारखेच्या आधीच्या काळासाठी ती चालत नाही. मार्चअखेर जुनी तारीख टाकून पत्र करू म्हणणाऱ्या सल्लागाराला नमस्कार करा. मेहनताना तुमच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो. नव्या करप्रणालीत नेहमीचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. दोघींपैकी कुणाला वेगळं मोठं उत्पन्न असेल तर तिच्या टप्प्याप्रमाणे हिशेब बदलेल. एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त मेहनताना दिल्यास फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा आहे, तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो. आणि फर्म अंदाजी नफ्याच्या योजनेत विवरण भरत असेल तर हा मेहनताना वेगळा वजा होत नाही. हे सीएकडून आधी विचारून घ्या, वरचं सगळं नेहमीची हिशेबवही गृहीत धरून आहे.

गाळ्याकडे येऊ. वाढीव भाडं वर्षाला ४ लाख ८० हजार. ते करापूर्वीच वजा होतं, म्हणून त्याला ०.६८८ ने भागायचं नाही. सरळ १२० ने भागा: ४,००० पाकिटं. तेच ८ लाख मोठ्या गाळ्यात हवे असतील तर १९,०८३ ऐवजी २३,०८३ विकावी लागतील. १९,००० वरच राहिलात तर नफा ८ लाख ४० हजारांवरून ३ लाख ६० हजारांवर येईल. डिपॉझिट मात्र खर्च नव्हे. ते कर भरून उरलेल्या पैशातूनच जाणार, तेव्हा त्या वर्षी हातात त्याच्याएवढी रक्कम कमी पडेल.

मी तुमच्या जागी असते तर एकच तुलना करून ठरवते: जुन्या गाळ्यात २३,००० पाकिटं आणि मोठ्या गाळ्यात २७,००० पाकिटं यांतून सुटणारा पैसा सारखाच. मोठा गाळा २७,००० च्या वर गेलात तरच जास्त कमावून देईल. आज तुम्ही १९,००० वर आहात आणि जुन्या गाळ्यात अजून ४,००० ची जागा मोकळी आहे. तेव्हा यंदा घेऊ नका.

आणखी एक गोष्ट पाहा, ती म्हणजे हे १२० रुपये टिकतात का. तुमच्या २६० मधला मोठा वाटा मिरची आणि खड्या मसाल्याचा असणार आणि लालबागला मिरचीचा भाव चढला की पाकिटाचा भाव लगेच वाढवता येत नाही. सुटणारे पैसे १०५ झाले तर त्याच ८ लाखांसाठी १९,०८३ ची २१,८०९ पाकिटं होतात. म्हणून उन्हाळ्याची मिरची भरून झाली की त्या वर्षीचा खरा खर्च मांडून भागाकार पुन्हा करा. सलग दोन वर्षं २३,००० ला टेकलात आणि दुकानदारांच्या ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या, की मोठ्या गाळ्याच्या मालकाशी बोलणी सुरू करा. तोवर सीएला गाठून भागीदारी पत्र दुरुस्त करून घ्या.