रॉयल्टीचं पत्र: आधी हिशेब मागा

प्रकाशकाने तुमच्या पुस्तकाची रॉयल्टी थकवली असेल, तर त्याला पहिल्याच पत्रात रागावून लिहू नका, आणि नुसतं 'पैसे कधी देताय?' असंही नको. त्यावर 'विक्रीच नाही' एवढंच उत्तर येतं. करारातलं रॉयल्टीचं कलम आणि थकलेला कालावधी लिहून आधी विवरणपत्र मागा. त्यात एवढं हवंच:

- छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या आणि शिल्लक प्रती
- रॉयल्टीचा दर छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती आलेल्या निव्वळ जमेवर

मग बेरीज तपासा. छापल्या १०००, भेट ५०, विक्री ४२०, तर शिल्लक ५३० हवी. विवरणात ४०० दिसल्या तर उरलेल्या १३० प्रतींचा खुलासा मागा. रक्कम जमा करायला तारीख द्या, पंधरा दिवस पुरेत. पत्र ईमेलने पाठवा, पोच जपून ठेवा. वकिलाची नोटीस नंतर.