आठ बिट लॉग फुटेज ग्रेड करताना का फाटतं?

*"लॉगमध्ये शूट केलेलं ८ बिट ४:२:० फुटेज ग्रेड करताना आकाशात पट्टे दिसतात, चेहऱ्यावर डाग येतात. १० बिट प्रोरेसमध्ये कन्व्हर्ट करूनही तसंच. चुकतंय कुठे?"*

कन्व्हर्ट केल्याने फाइलमध्ये जागा वाढते, माहिती वाढत नाही. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही, ते नंतर कुठून येणार?

आधी आकाश बघू. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात. लॉगमध्ये कॅमेरा मोठी डायनॅमिक रेंज एवढ्यातच दाबून बसवतो, त्यामुळे एका आकाशाच्या वाट्याला थोड्याच पायऱ्या येतात. समजा, तुमचं आकाश १४० ते १६० मध्ये आहे आणि फ्रेममध्ये ते ६०० ओळी उंच आहे. म्हणजे साधारण तीस-तीस ओळींना एकच आकडा. लॉग असेपर्यंत शेजारच्या दोन पट्ट्यांत फरक फक्त एकाचा असतो, तो डोळ्याला जाणवत नाही. तुम्ही कॉन्ट्रास्ट तिप्पट ताणलात की तोच फरक तीनचा होतो आणि कडा दिसायला लागते. हिस्टोग्राम उघडून पाहा, कंगव्यासारखे दात दिसतील. हेच आकाश १० बिटमध्ये असतं तर त्याच जागेत ८० पायऱ्या मिळाल्या असत्या, आणि तिप्पट ताणूनही ८ बिट स्क्रीनवर मधला एकही आकडा रिकामा राहिला नसता.

चेहऱ्याचं दुखणं रंगाच्या चॅनेलमधलं आहे. ४:२:० मध्ये चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना असतो. १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये रंगाचं चित्र फक्त ९६० × ५४० चं. त्यात लॉगचे रंग फिके, म्हणजे सगळे मधल्या १२८ च्या आसपास गोळा झालेले. गाल आणि कपाळ यांच्यातला फरक जेमतेम चार-पाच आकड्यांचा असू शकतो. कॉम्प्रेशन त्यातलेही बारकावे पुसतं. सॅच्युरेशन वाढवलं की उरलेले ठोकळे डागांसारखे वर येतात.

या फुटेजसाठी एवढंच करा: ग्रेड हलकं ठेवा आणि शेवटी बारीक ग्रेन घाला, पट्ट्यांच्या कडा मोडतात. फुटेज ४के असेल तर १०८० च्या टाइमलाइनवर घ्या. त्यात रंगाचं चित्र मुळातच १९२० × १०८० चं असतं, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो आणि कडा सुधारतात. आकाशातले पट्टे मात्र त्याने फारसे हटत नाहीत.

पुढच्या वेळी कॅमेरा ८ बिटच देत असेल तर लॉग वापरू नका, हे मी ठामपणे सांगेन. साधं प्रोफाइल घ्या, कॉन्ट्रास्ट थोडा कमी ठेवा, व्हाइट बॅलन्स जागेवरच नीट लावा. कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शनही कमी करा, कारण थोडा नॉइज पायऱ्यांच्या कडा विस्कटून टाकतो. हायलाइट्स थोडे जातील, पण ते आकाशभर पट्टे आणि डागाळलेला चेहरा यांपेक्षा परवडतं.