मोठ्या अपघातात श्वास थांबलेल्याला सीपीआर न देता पॅरामेडिक पुढे का जातात?

कारण सीपीआर सुरू केला की एका माणसापाशी दोघे अडकतात, आणि तेवढ्यात वाचू शकणारे दोघे-तिघे रक्त जाऊन दगावतात. मी रुग्णवाहिकेवर काम करतो. आम्हाला ‘स्टार्ट’ पद्धत शिकवलेली असते: प्रत्येक जखमीला पटकन तपासून रंगाचा टॅग लावायचा, म्हणजे कोणाला आधी उचलायचं ते ठरतं. त्यात एका जखमीला जेमतेम अर्धा-एक मिनिट मिळतो. समजा, उलटलेल्या बसजवळ चौघे आहेत. ओरडणारा स्वतः चालत बाजूला जातो, त्याला हिरवा टॅग. दुसरीचा पाय मोडलाय, पण श्वास मिनिटाला 22, मनगटाला नाडी लागते, ‘माझा हात दाबा’ म्हटलं की दाबते: पिवळा. तिसरा गप्प पडलाय, श्वास 36. हा लाल, सगळ्यांत आधी उचलायचा. (गप्प पडलेल्यांचीच खरी भीती असते.) चौथ्याचा श्वास बंद, हनुवटी वर करून श्वासमार्ग मोकळा केला तरी सुरू होत नाही, म्हणून काळा. तो एकटाच रुग्ण असता तर आम्ही सगळे त्याच्यावरच झटलो असतो. चूक कोणाची, हेही बघत नाही. धडक देणारा ड्रायव्हर लाल असेल तर तोच आधी. मात्र श्वास बंद असलेल्या लहान मुलाची नाडी लागत असेल तर पाच श्वास देऊन बघतात, आणि मदत वाढली की सगळ्यांचे टॅग पुन्हा तपासतात.