शेतातल्या अन्नसाखळीत दहा टक्केच ऊर्जा वर का जाते?

प्रश्न: ज्वारीच्या शेतात उंदराने खाल्लेली सगळी ऊर्जा घुबडाला का मिळत नाही? दहा टक्केच का?

उत्तर: कारण बहुतेक ऊर्जा उंदराच्याच श्वसनात उष्णता होऊन निघून जाते, घुबडाला मिळते ती फक्त उंदराच्या अंगात साठलेली. खानदेशातल्या शेतात उंदराने १०० कॅलरी दाणे खाल्ले, तर साधारण ८० पचतात, बाकी लेंड्यांतून पडतात. पचलेल्यांपैकी जवळपास ७८ अंग उबदार ठेवण्यात आणि धावपळीत खर्च होतात. उरतात जेमतेम २. नाकतोड्याला पानांतल्या १०० पैकी सुमारे ३५च पचतात, पण अंग तापवायचं नसल्याने १४ च्या आसपास शरीरात राहतात. म्हणून दहा टक्के ही ढोबळ सरासरी आहे. १९४२ मध्ये रेमंड लिंडमन यांनी तलावाच्या अभ्यासातून ही मांडणी केली, तेव्हाही प्रत्येक पातळीचा आकडा वेगळाच होता.