सह्यांच्या कागदावर पहिलं नाव कुणाचं?

मॅडम, भोसरीतल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं कायम सीएनसी ऑपरेटर आहे. आम्ही १४० कामगार. ओव्हरटाइम एकपटीनेच मिळतो, तोही ‘इन्सेन्टिव्ह’ म्हणून. सगळ्यांचं मिळून पत्र द्यायचं ठरलंय. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं मी आणि पहिली सहीही माझीच, असा सगळ्यांचा आग्रह आहे. ग्रुपवर कुणीतरी सुचवलंय की शुक्रवारी सगळ्यांनी रजा टाकायची, आणि तो मेसेजही मीच टाकावा. कुणकुण लागली असावी, कारण एचआरने परवा बोलावून “तू लीडर झालास काय?” असं विचारलं आणि लगेच सुपरवायझर करायची ऑफरही दिली. पगार तोच, २६,०००. घरी बायको म्हणते, पुढेपुढे करू नका. काय करू?

*

आधी शुक्रवारचं, कारण ते आज रात्रीच थांबवायला हवं. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर तो संप धरला जातो. तुमच्याकडे हा आकडा ७० आहे. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, ती नसेल तर संप बेकायदा. त्यात सामील झालेल्याला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. इतरांना चिथावणी देणाऱ्याला दंड आणखी मोठा आहे, १०,००० ते ५०,०००. रजा सगळे टाकतील, पण मेसेज तुमच्या नंबरवरून गेलेला असेल. त्याचा स्क्रीनशॉट एचआरकडे पोचवणारा माणूस प्रत्येक ग्रुपात एक तरी असतोच.

आता पत्र. तुम्ही लिहा, हरकत नाही. पण सह्या टोकन नंबरच्या क्रमाने घ्या, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण हा प्रश्नच उरत नाही. सह्यांच्या प्रत्येक पानावर मागणीचा मजकूर पूर्ण छापलेला असू द्या. कोऱ्या पानावर घेतलेल्या सह्यांबद्दल पुढे “हजेरीचा कागद समजून सही केली” असं म्हणणारे निघतात, आणि मग लिहिणारा एकटा उरतो. पत्र द्यायला तिघंचौघं जा, आवकचा शिक्का घ्या आणि एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा.

मागणीही हिशेबानेच मांडा. २६,००० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं की ताशी १२५ रुपये येतात. महिन्यात २४ तास ओव्हरटाइम झाला तर तुम्हाला ३,००० मिळतात, दुपटीने ६,००० मिळायला हवेत. तुमच्या पगारात कोणते भत्ते आहेत त्यावर आकडा थोडा इकडेतिकडे होईल. स्लिपवर त्याला ‘इन्सेन्टिव्ह’ म्हटलं म्हणून तो ओव्हरटाइम नाही असं होत नाही. पंचिंगच्या नोंदी आणि स्लिपा आत्ताच घरी जपून ठेवा. गेटपास बंद झाल्यावर त्या मिळत नाहीत.

पण खरा धोका पत्रात नाही. तुमचं नाव कंपनीला कळलं तो दिवस आणि कायद्याचं कवच चढतं तो दिवस, यांच्यामधल्या काळात तो आहे. समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे आपण ज्याला कन्सिलिएशन म्हणतो तिथे, वाद सुरू असेल तर त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती कंपनीला तुमचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. त्या वादाशी जोडलेल्या गैरवर्तनासाठी लेखी परवानगीशिवाय काढताही येत नाही. वादाशी संबंध नसलेलं दुसरं कारण दाखवून काढायचं, तर महिन्याचा पगार देऊन मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो. मात्र हे कवच नुसत्या पत्राने चढत नाही. संहितेप्रमाणे अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कार्यवाही सुरू झाली असं मानतात. त्या काळात तुम्हालाही संप करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

या मधल्या काळात काय होतं ते माझ्या एका जुन्या प्रकरणावरून सांगते. अकरा जणांनी पत्र दिलं होतं. सहाव्या दिवशी त्यातल्या तिघांनाच, जे बोलायला पुढे गेले होते त्यांनाच, दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्लांटला बदलीचे कागद आले. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली आम्ही अनुचित कामगार प्रथेची तक्रार, कोर्टाच्या भाषेत यूएलपी, दाखल केली. तिकडे माणसं कमी आहेत असं कंपनी म्हणत होती, पण पत्राच्या तारखेआधीचा तसा एकही कागद तिला दाखवता आला नाही. बदलीला स्थगिती मिळाली ती त्या सहा दिवसांमुळे. पण तिघांपैकी एक जण चिडून मॅनेजरच्या केबिनमध्ये आरडाओरडा करून आला होता. त्याला वेगळी चार्जशीट मिळाली, आणि ती लढाई लांबली. सूड सिद्ध करायला तारखा कामी येतात, पण तुमच्या हातून एक तरी खरी चूक झाली की कंपनीला दुसरं कारण मिळतं. तेव्हा या दिवसांत उशिरा पोचू नका, रिजेक्शन वाढू देऊ नका, आणि आलेल्या प्रत्येक मेमोला लेखी उत्तर द्या.

हा मधला काळ कमी करायला युनियन लागते. स्वतःची नोंदवायची तर अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या हव्यात, आणि एकूण सभासद १० टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी ते. १४० मध्ये १४ माणसं झाली. नोंदणीत वेळ जातो, म्हणून तुमच्या उद्योगातल्या आधीच नोंदलेल्या एखाद्या युनियनचं सभासद होऊन कारखान्याची कमिटी करणं बऱ्याचदा जलद पडतं. मग मागणीपत्र युनियनच्या लेटरहेडवर जातं, समेट अधिकाऱ्याकडे तीच जाते. ओव्हरटाइमच्या थकबाकीचा अर्जही वेतन संहितेखाली ती सगळ्या सभासदांसाठी एकच करू शकते. मुदत तीन वर्षांची.

तुमच्या बायकोच्या म्हणण्याचं उत्तरही इथेच आहे. कमिटीवर नाव असलेल्या काही जणांना ‘संरक्षित कामगार’ म्हणून मान्यता मिळते. संख्या कामगारांच्या १ टक्का, पण किमान ५, म्हणजे तुमच्याकडे पाच. वाद प्रलंबित असताना या पाचांना कुठल्याही कारणाने काढायचं झालं, तरी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. पुढे यायचंच असेल तर असं नोंदवून या. अर्धवट पुढे, म्हणजे ग्रुपवर लीडर आणि कागदावर कुणीच नाही, ही सगळ्यात वाईट जागा, आणि तुम्ही सध्या तिथेच आहात. नावं कंपनीला कळवल्याची पोच युनियनकडून मागून घ्या. वाद पेटल्यावर “आम्ही कधी मान्यता दिलीच नव्हती” हे ठरलेलं उत्तर असतं.

राहिली सुपरवायझरची ऑफर. पगार न वाढवता बढती का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. देखरेखीचं काम करणारा आणि १८,००० च्या वर वेतन घेणारा माणूस संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ राहत नाही. मग हे कवच नाही, आणि पाचांत तुमचं नावही नाही. कोर्ट हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम बघतं, त्यामुळे मशीनवरच उभे राहणार असाल तर नुसत्या नावाने हक्क जात नाही. पण ते सिद्ध करत बसण्यात वर्षं जातात. तोंडी होकार देऊ नका. “कामाचं स्वरूप लेखी कळवावं, तोवर मी सध्याच्या पदावर ऑपरेटर म्हणून काम करत आहे” एवढ्या दोन ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या. उद्याच द्या, सह्यांचं पत्र जायच्या आधी.