रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

प्रश्न: नोकरीसाठी चार महिन्यांपूर्वी एकटाच नागपूरला आलोय. ऑफिसात वेळ जातो, पण रूमवर आलं की आणि विशेषतः शनिवार-रविवारी फार एकटं वाटतं. तुम्ही यातून गेला असाल तर काय केलंत?

मी कराडचा. नागपूरला आलो त्याला सात वर्षं झाली. पुण्यात नोकरी लागलेले माझे मित्र शुक्रवारी रात्री एसटीत बसायचे आणि शनिवारी सकाळी आईच्या हातचा चहा प्यायचे. मला ती सोय नव्हती. कराडहून नागपूरला थेट येणारी गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस, आणि तिच्यात जवळजवळ अख्खा दिवस-रात्र जातो. दोन सुट्ट्यांत जाऊन येणं शक्यच नाही. त्यामुळे रविवार इथेच काढायचा, हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कसा काढायचा ते कळायला मात्र सहा-सात महिने लागले.

तेव्हा माझी रूम प्रताप नगरला होती आणि नोकरी मिहानमध्ये. रात्रीच्या जेवणाचा डबा एका मेसमधून रूमवर यायचा. साडेआठला बेल वाजायची, डबेवाला भरलेला डबा देऊन कालचा रिकामा घेऊन जायचा. त्याच सुमारास आईचा फोन यायचा. एका हाताने पोळी मोडत, दुसऱ्या हातात फोन धरून मी तासभर बोलायचो. फोन ठेवला की खोलीत फक्त कूलरचा आवाज उरायचा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत, डबेवाल्याचं ‘घ्या भाऊ’ सोडलं तर कोणाशी समोरासमोर एक वाक्य बोललेलो नाही, असे किती शनिवार-रविवार गेले असतील!

मी काही केलं नाही असंही नाही. नवीन लोक भेटावेत म्हणून एका ग्रुपबरोबर रविवारी भटकायला जायला लागलो. सहा वेळा गेलो, दर वेळी चार-पाच तास. मजा यायची, फोटो निघायचे, आणि पुढच्या वेळी निम्मे चेहरे नवे असायचे. म्हणजे दर रविवारी पुन्हा ‘तुम्ही मूळचे कुठले?’ इथूनच सुरुवात. ऑफिसातल्या लोकांकडूनही माझी अपेक्षा होती, पण ते बहुतेक इथलेच. रविवार त्यांच्या घरचा असतो. त्यात त्यांची चूक काही नाही.

यात नेमकं काय चुकत होतं ते मला खूप नंतर एका अभ्यासाबद्दल वाचताना कळलं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातल्या एका भागात त्यांनी अशाच माणसांना प्रश्न विचारले होते जी गेल्या सहा महिन्यांत नव्या गावी राहायला गेली होती, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी. ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरा मित्र म्हणावा तर ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज निघाला. हे अमेरिकेतले सरासरी आकडे आहेत, घड्याळ लावून बसू नका. पण दोन गोष्टी मला एकदम पटल्या. हे तास एकाच माणसाबरोबरचे लागतात. माझ्या भटकंतीचे पंचवीस-सत्तावीस तास तीस-चाळीस जणांत वाटले गेले होते, म्हणजे कोणाच्याच खात्यात फारसे जमा झाले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की शेजारी बसून काम करण्याचे तास यात फारसे धरता येत नाहीत. दिवसाचे नऊ तास ज्याच्या बाजूला बसतो तो मित्र का होत नाही, याचं उत्तर तिथे होतं.

माझ्या बाबतीत गाडी रुळावर आली ती मात्र निव्वळ योगायोगानं. डबेवाला गावी गेला आणि पंधरा दिवस मला त्याच मेसमध्ये जाऊन जेवावं लागलं. एका घराच्या तळमजल्यावर चार टेबलं, मेस चालवणाऱ्या काकू, आणि रोज तेच पंधरा-वीस लोक. पहिला आठवडा वाईट गेला. मी जाऊन बसलो की कोणी बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी समोरचा एक जण म्हणाला, ‘काहून बे, भात नाही घेऊन राहिला?’ मला तो ‘बे’ असा झोंबला की मी भात न घेताच उठलो. आमच्याकडे अनोळखी माणसाला असं कोणी म्हटलं तर भांडण होईल. इथे तो शब्द जवळिकीचाही असतो हे मला कळायला वेळ लागला.

पण दोष फक्त बोलीचा नव्हता. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं एक म्हणणं असं की बराच काळ एकटं राहिलेल्या माणसाचं मन सावध होतं, समोरच्याच्या साध्या वागण्यातही त्याला नकार दिसायला लागतो. मग तो आधीच अंग चोरून घेतो आणि लोकही लांब राहतात. चार महिन्यांत तुमचंही थोडंफार असं झालं असेल. तपासायची माझी पद्धत सोपी होती. एखाद्याचं वागणं लागलं की तो बाकीच्यांशी कसा वागतो ते दोन दिवस बघायचं. ‘बे’वाला माणूस काकूंचा नवरा सोडून सगळ्यांनाच ‘बे’ म्हणत होता.

पंधरा दिवसांनी डबा पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा मी काकूंना म्हटलं, राहू द्या, इथेच येतो. आणि आईला सांगितलं की फोन साडेनऊला कर. फोन बंद करायचा नव्हता, नुसता जेवणाच्या वेळेतून हलवायचा होता. हे किरकोळ वाटेल, पण ताटावर बसून कानाला फोन लावलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. वेळही मी ठरवून घेतली: पावणेनऊ, आणि टेबल दारापासचं. रोज वेगवेगळ्या वेळी गेलात तर रोज वेगळे लोक भेटतील.

आता हिशोब बघा. मेसमध्ये जेवायला लागतात पंचवीस मिनिटं. आठवड्यातून सहा रात्री, म्हणजे अडीच तास. या वेगानं ५० तास व्हायला वीस आठवडे, पाच महिने लागतील. बरेच जण इथेच सोडून देतात, कारण दोन महिने रोज भेटूनही गप्पा ‘आज भाजी तिखट आहे’च्या पुढे जात नाहीत. त्यांना वाटतं, आपल्याला जमत नाही. जमत असतं, फक्त तास कमी भरलेले असतात.

सहाच रात्री का म्हटलं? कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. बऱ्याचशा मेसचं तसंच असतं. माझ्यासाठी तीच आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ होती. एका शनिवारी मी समोरच्याला, तोच तो ‘बे’वाला, विचारलं की उद्या संध्याकाळी कुठे जेवता? तो भंडाऱ्याचा होता, औषध कंपनीत एमआर. म्हणाला, ‘मी तर रूमवर खिचडी लावतो. येऊन राहिले का तुम्ही?’ मी जाताना कराडच्या घरून आलेलं शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट नेलं. त्याच्या खोलीत एक कुकर, दोन ताटल्या आणि चमचा एकच. खिचडी खाली लागली होती. तीन तास बसलो. त्यानं मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत काय असते ते सांगितलं, आणि मी त्याला पटवून द्यायचा प्रयत्न केला की आमचा रस्सा त्यांच्या सावजीपेक्षा सौम्य असला तरी बेचव नसतो. त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

त्या एका प्रश्नानं आठवड्याचे अडीच तास साडेपाच झाले. पुढे रविवारी सकाळी तर्री पोहे खायला जायचं ठरलं, मग कधी फुटाळ्याच्या काठावर बसणं. पाच महिन्यांचं काम सव्वादोन महिन्यांवर आलं. आणि मेसमधली ओळख मेसच्या बाहेर पडली, हे त्या तासांपेक्षाही महत्त्वाचं होतं असं मला वाटतं. टेबलावर माणूस त्याच चार विषयांवर बोलतो. खिचडी लागल्यावर काय बोलतो, ते वेगळं असतं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच की डबा येत असेल तर बंद करा आणि मेसमध्ये जाऊन बसा. स्वतःच स्वयंपाक करत असाल तर एक ठरलेली जागा शोधा, सकाळी अंबाझरीच्या बाजूला फिरणं म्हणा. जागेला दोन अटी: तिथे तीच माणसं रोज यायला हवीत, आणि तिथे बोलता यायला हवं. जिममध्ये पहिली अट जमते, पण सगळ्यांच्या कानात हेडफोन असतात, म्हणून माझं तिथे जमलं नाही. तीनेक आठवड्यांनी कोणा एकाला दुसऱ्या जागी बोलवा, आणि बोलावणं नेमकं असू द्या. ‘कधीतरी भेटू’ याला नागपुरातही काही अर्थ नसतो. ‘रविवारी साडेसातला पोहे’ याला असतो. एक व्यवहाराची गोष्ट: हे उन्हाळ्याआधी सुरू करा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दिवसा कोणी बाहेर पडत नाही आणि ‘ऊन कमी झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता दोन महिने जातात.

यानं सगळंच सुटतं असं मी म्हणणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसातला बराच वेळ उदास जात असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आधी आवडणारी गोष्टही नकोशी वाटत असेल, तर ते नुसतं एकटेपण नसू शकतं. मेसचा उपाय तिथे अपुरा पडतो. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटेपर्यंत गोष्ट गेली असेल तर आजच करा.

माझा भंडारावाला मागच्या वर्षी बदली होऊन चंद्रपूरला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, बरोबर पावणेनऊला, मी ताटावर असताना. म्हणाला, ‘इथं तर रविवारी सकाळी पण मेस बंद असते बे.’ मी त्याला साडेनऊला परत फोन करायला सांगितलं.