चार जणांचं २४ तासांचं रोटेशन कसं लावायचं?

आम्ही चौघं आहोत, एका वेळी एकच माणूस पुरतो. चोवीस तासांचं शिफ्टचं वेळापत्रक असं कसं करू, की शनिवार-रविवार सगळ्यांना सारखे मिळतील?

आठवड्याचे सोम-मंगळ, बुध-गुरू आणि शुक्र-शनि-रवि असे तीन तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला सकाळ, दुपार, रात्र, सुट्टी या क्रमाने पुढे सरका. एका माणसाचे चार आठवडे असे:

- १: सकाळ, दुपार, रात्र
- २: सुट्टी, सकाळ, दुपार
- ३: रात्र, सुट्टी, सकाळ
- ४: दुपार, रात्र, सुट्टी

बाकीचे तिघं दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ओळीपासून सुरू करतील. तुकडे तीन आणि पाळ्या सुट्टीसकट चार, म्हणून दर आठवड्याला वीकेंडची पाळी बदलते आणि २८ दिवसांत प्रत्येकाला एक पूर्ण वीकेंड मिळतो. चौघांत याहून जास्त निघतच नाही, कारण आठ तासांच्या तीन पाळ्यांना रोज तिघं कामावर लागतात. गुरुवारची रात्रपाळी शुक्रवारी सकाळी सुटते. झोप शुक्रवारीच होते, शनिवार-रविवार मोकळे राहतात.

अडचण पहिल्या आठवड्याची: सात पाळ्या, म्हणजे ५६ तास. ४८च्या वरचे ओव्हरटाइममध्ये धरा, किंवा पाचवा रिलीव्हर घ्या. रजा पडली की तो लागतोच.